होर्डिंगच्या वाराभाराची नोट कशी वाचायची

एकाच होर्डिंगच्या वाराभाराच्या दोन नोट्स समोर ठेवल्या आहेत असं समजा. फलक तोच, १२ मीटर रुंद आणि ६ मीटर उंच. रस्त्याकडेला एकाच जाड पोलादी खांबावर उभा, म्हणजे धंद्यातल्या भाषेत युनिपोल. खालची कड जमिनीपासून ८ मीटरवर, वरची १४ मीटरवर. पहिली नोट म्हणते, वारा या फलकावर ८२ किलोन्यूटन जोर लावेल. दुसरी म्हणते, २६ किलोन्यूटन. दोन्हींत आयएस ८७५ भाग ३ हेच भारतीय मानक वापरलंय आणि दोन्हींतला गुणाकार कॅल्क्युलेटरवर तपासला तरी बरोबर येतो.

तिपटीचा हा फरक पडतो तो गणित सुरू व्हायच्या आधी, दोन ओळींत निवडलेल्या दोन आकड्यांमुळे. म्हणून नोट हातात आली की मी आधी शेवटचं उत्तर बघत नाही. त्या दोन ओळी शोधतो.

सुरुवात वाऱ्याच्या वेगापासून होते. मानकात प्रत्येक भागासाठी मूळ वेग दिलेला असतो. हा सरासरी वेग नव्हे. मोकळ्या मैदानात, जमिनीपासून १० मीटर उंचीवर, ३ सेकंद टिकणारा आणि ५० वर्षांतून एकदा येऊ शकेल असा हा झोत असतो. आपल्या उदाहरणात तो ४४ मीटर प्रति सेकंद घेऊ, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. मूळ वेग Vb ला चार गुणक लावून आपल्या जागेवर, आपल्या उंचीवर तो झोत, म्हणजे Vz, किती होईल हे काढतात आणि मग त्याचा दाब pz करतात:

```
Vz = Vb × k1 × k2 × k3 × k4
pz = 0.6 × Vz²
```

दुसऱ्या ओळीतला वर्ग लक्षात ठेवा. वेगात झालेली चूक दाबात दुप्पट होऊन उतरते. गुणक दहा टक्क्यांनी कमी धरला तर दाब जवळजवळ एकोणीस टक्क्यांनी घटतो.

k3 डोंगरउतारासाठी असतो आणि k4 चक्रीवादळाच्या किनारपट्टीसाठी. सपाट, किनाऱ्यापासून दूरच्या जागी दोन्ही १ धरतात. वाद होतो तो k1 आणि k2 वर.

k1 हा जोखमीचा गुणक. बांधकाम किती वर्षं उभं राहणार आणि पडलं तर काय होणार, यावरून तो ठरतो. नेहमीच्या इमारतीला ५० वर्षं धरून k1 = १. बांधकाम चालू असतानाच्या तात्पुरत्या शेडना ५ वर्षं धरण्याची मुभा आहे, आणि आपल्या मूळ वेगाला तेव्हा k1 होतो ०.७३. दुसऱ्या नोटच्या लेखकाने हाच आकडा उचलला. त्याचं म्हणणं असं की जाहिरातीचा परवाना दोन-तीन वर्षांचाच असतो. पण परवान्याचं नूतनीकरण होत राहतं आणि खांब पंधरा-वीस वर्षं तिथेच असतो. शिवाय खाली वाहता रस्ता आहे. मी होर्डिंगला k1 एकापेक्षा कमी धरत नाही. या एका निवडीने दाब ०.७३ च्या वर्गाइतका, म्हणजे ५३ टक्क्यांवर आला.

k2 हा उंचीचा आणि आजूबाजूच्या भूभागाचा गुणक. वाऱ्याला जमिनीवरची झाडं, घरं, इमारती अडवतात. जमिनीलगत तो मंदावतो, वर गेला की मोकळा सुटतो. मानकाने भूभागाचे चार वर्ग केले आहेत. पहिल्यात समुद्रकिनारा आणि उघडं माळरान, दुसऱ्यात तुरळक अडथळ्यांची मोकळी जमीन, तिसऱ्यात दाट वस्ती किंवा झाडी, चौथ्यात उंच इमारतींनी गच्च भरलेलं शहर. आपल्या फलकाच्या वरच्या कडेला, १४ मीटरवर, k2 पहिल्या वर्गात सुमारे १.०८ येतो, दुसऱ्यात १.०४, तिसऱ्यात ०.९६ आणि चौथ्यात ०.८०.

दुसऱ्या नोटमध्ये चौथा वर्ग धरलाय. कारण एका शब्दात लिहिलंय: ‘शहर’. इथे मला थांबावंसं वाटतं, कारण होर्डिंगच्या बाबतीत ही चूक फार सहज होते आणि तिचं मूळ होर्डिंगच्या स्वभावातच आहे. होर्डिंग लावतात ते दुरून दिसावं म्हणून. दुरून दिसायचं तर समोर काही आड येता कामा नये. मग ते उड्डाणपुलाच्या तोंडाशी, रेल्वे यार्डाच्या कडेला, खाडीकाठी, मोठ्या चौकात, रुंद महामार्गाच्या वळणावर उभं राहतं. ज्या मोकळ्या पट्ट्यातून गाडीवाल्याची नजर येते, त्याच पट्ट्यातून वाराही येतो. पत्ता शहरातला असला तरी वाऱ्याला पत्ता कळत नाही. त्याला फक्त समोरचा अडथळा कळतो.

हे ठरवायची रीत साधी आहे. उपग्रहाचं छायाचित्र घ्या, फलकाच्या दोन्ही तोंडांकडून बाहेर दोन-तीन किलोमीटरपर्यंत काय आहे ते बघा आणि प्रत्येक दिशेला वर्ग ठरवा. त्यातली सर्वांत मोकळी दिशा भारासाठी धरा. पाठीमागे वीस मजली इमारती असल्या तरी समोरून येणाऱ्या वाऱ्याला त्या अडवत नाहीत. आज समोर उभी असलेली एखादी जुनी चाळ उद्या पाडली जाऊ शकते, तेव्हा एकट्या-दुकट्या इमारतीच्या आडोशावर भरवसा ठेवायचा नाही. चांगल्या नोटमध्ये ते छायाचित्र जोडलेलं असतं. नुसतं ‘वर्ग ४’ लिहिलं असेल तर लेखक जागेवर गेला नाही असं मी धरून चालतो.

आपल्या फलकासमोर महामार्ग आणि पलीकडे शेतं आहेत, म्हणून वर्ग दुसरा. वेग होतो ४४ × १.०४, म्हणजे ४५.८ मीटर प्रति सेकंद. त्याचा दाब येतो चौरस मीटरला १.२६ किलोन्यूटन. मानक यात दोन सवलती देतं. सर्वांत जोराचा वारा नेमका फलकाच्या तोंडावरच येईल असं नाही, म्हणून ०.९. आणि ७२ चौरस मीटरच्या सबंध पृष्ठावर एकाच क्षणी पूर्ण झोत आदळत नाही, म्हणून सुमारे ०.८४. दोन्ही लावून संकल्पनेचा दाब उरतो ०.९५ किलोन्यूटन, म्हणजे दर चौरस मीटरवर साधारण ९५ किलो वजन आडवं ठेवल्यासारखं. दुसऱ्या नोटमध्ये चौथ्या वर्गाने हा दाब ५९ टक्क्यांवर आणला, तात्पुरत्या शेडच्या k1 ने उरलेला ५३ टक्क्यांवर, आणि भार एक-तृतीयांशाच्याही खाली गेला.

आता दाब गुणांक. आत्तापर्यंतचा दाब वाऱ्याचा होता. फलकाला प्रत्यक्षात किती जाणवतो, हे त्याच्या आकारावर ठरतं. समोरून येणारा वारा फलकावर थडकून मधोमध जवळजवळ थांबतो, तिथे पूर्ण दाब पडतो. कडांकडे तो निसटतो, तिथे दाब कमी. मागच्या बाजूला, कडांवरून सुटलेला वारा भोवरे करतो आणि तिथला दाब घटतो. म्हणजे पुढून ढकल आणि मागून ओढ, दोन्ही एकाच पत्र्यावर. या दोन्हींची बेरीज म्हणजे फलकाचा गुणांक. आपल्या फलकाची रुंदी उंचीच्या दुप्पट आहे आणि तो जमिनीपासून चांगलाच वर आहे, त्यासाठी मानकातला आकडा १.२. लांबट पट्टीसारखा फलक असेल तर वाऱ्याला बाजूने निसटायला वेळ लागतो आणि आकडा वाढत जातो.

काही नोट्समध्ये इथे ०.८ दिसतो. तो इमारतीच्या वाऱ्याकडच्या भिंतीचा आकडा आहे. इमारतीची मागची भिंत वेगळी असते, तिची ओढ वेगळी मोजतात. होर्डिंगला मागची भिंत नाही, ती ओढही त्याच पत्र्याला सोसावी लागते. ०.८ घेतलं की तिसरा हिस्सा भार गायब झाला.

तर फलकावरचा जोर: १.२ × ७२ × ०.९५ = ८२ किलोन्यूटन. खांबाच्या गोल पृष्ठावर आणखी सुमारे ६. फ्लेक्स फाटेल आणि भार सुटेल, असा युक्तिवाद कधीकधी कानावर येतो. फ्लेक्समागे पत्रा असेल तर काहीच सुटत नाही. नुसत्या चौकटीवर ताणलेलं फ्लेक्सही नेमकं कधी फाटेल याची हमी कोणी देऊ शकत नाही, तेव्हा नोटमध्ये त्याला जागा नाही.

वारा मात्र नेहमी समोरूनच येत नाही. तिरपा आला की वाऱ्याकडच्या कडेवर दाब चढतो आणि दुसऱ्या कडेकडे उतरतो. मानक सांगतं की एका कडेला गुणांकाच्या १.७ पट आणि दुसऱ्या कडेला ०.४४ पट धरून, मधे सरळ रेषेत उतरता दाब घेऊन पुन्हा तपासा. यात एकूण जोर फक्त सात टक्के वाढतो, पण तो मध्यापासून रुंदीच्या जवळजवळ दहाव्या हिश्श्याने, म्हणजे १.२ मीटरने सरकतो. मग फलक खांबाला पिळू लागतो. आपल्या उदाहरणात हा पीळ सुमारे १०३ किलोन्यूटन-मीटर. अमेरिकेतलं एएससीई ७ हे मानक जोर रुंदीच्या पाचव्या हिश्श्याने सरकलेला धरतं, म्हणजे पीळ जवळजवळ दुप्पट. युनिपोलसाठी मी दोन्ही आकडे काढून मोठ्यावर खांबाच्या माथ्याचे वेल्ड आणि तळाचे बोल्ट तपासतो. दोन पायांच्या होर्डिंगला हाच पीळ वेगळ्या रूपात भेटतो. पाय ६ मीटर अंतरावर असतील, तर समोरच्या वाऱ्यात प्रत्येकावर ४१ किलोन्यूटन येतात, तिरप्या वाऱ्यात एकट्या पायावर ६१. फक्त समोरचा वारा तपासलेली नोट अर्धवट आहे.

आणखी एक मर्यादा सांगितलीच पाहिजे. मानकातला होर्डिंगचा हा तक्ता १५ मीटरपेक्षा कमी उंचीसाठी आहे. आपला फलक १४ मीटरवर संपतो, म्हणून चालतो. त्याहून उंच गेल्यावर हाच १.२ पुढे ओढत नेणं चूक आहे. तिथे पवनबोगद्यातली चाचणी किंवा उंच, लवचिक बांधकामांचं गतिक गणित लागतं. १३ मे २०२४ ला मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर जे होर्डिंग कोसळलं आणि १७ माणसं गेली, ते सुमारे १२० फूट रुंद आणि १२० फूट उंच होतं. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची. क्षेत्रफळ नऊपट, आणि वाऱ्याचा मध्यबिंदू वर चढला तो वेगळाच.

आकाराचा हा परिणाम पायाकडे वळलं की खरा कळतो, कारण पायाला नुसता जोर पोचत नाही, जोर गुणिले उंची पोचते. यालाच मोमेंट म्हणतात. ८२ किलोन्यूटन जमिनीपासून ११ मीटरवर लागतात, पाया आणखी २ मीटर खाली टेकलेला, म्हणजे १३ मीटरची तरफ. खांबावरचा वारा धरून पायाच्या तळाशी मोमेंट येतो सुमारे ११०० किलोन्यूटन-मीटर. तोच फलक दुप्पट रुंद आणि दुप्पट उंच केला, तर जमिनीशी मोमेंट चौपट नाही, पाचपट होतो.

पोलाद हे सहज पेलतं. ९०० मिलिमीटर व्यासाचा आणि १२ मिलिमीटर जाडीचा नळीखांब घेतला, तर तळाशी ताण साधारण १२५ मेगापास्कल येतो, साध्या पोलादालाही झेपणारा. अँकर बोल्टकडे जरा जास्त लक्ष द्यावं लागतं. १२ बोल्ट १.२ मीटर व्यासाच्या वर्तुळात बसवले तर कडेच्या बोल्टवर जवळपास २५० किलोन्यूटन ओढ येते, एका बोल्टवर पंचवीस टन टांगल्यासारखी. पण खरी परीक्षा त्याखालच्या मातीची असते.

पाया उलटत नाही तो स्वतःच्या वजनामुळे. ५ मीटर चौरस, ८० सेंटिमीटर जाड काँक्रीटचं फुटिंग, म्हणजे तळाचा रुंद ठोकळा, वर खांब बसवायचा दीड मीटर चौरस पेडेस्टल, त्याभोवती १.२ मीटर मातीचा भराव. काँक्रीट, माती आणि पोलाद मिळून वजन सुमारे १११० किलोन्यूटन. पाया उलटायचा तर वाऱ्याच्या पलीकडच्या कडेवरून उलटेल. वजनाची त्या कडेपासूनची तरफ अडीच मीटर. वजनाचा सावरणारा मोमेंट झाला २७८०, वाऱ्याचा ११००. सुरक्षा गुणांक २.५. काँक्रीटसाठीच्या आयएस ४५६ या मानकाचा नियम सोपा करून सांगायचा तर, सावरणारं वजन दहा टक्के कमी धरा आणि उलटवणारा भार १.४ पट धरा, तरी पाया उभा राहिला पाहिजे. म्हणजे गुणांक किमान १.५६ हवा. आपला त्यात आरामात बसतो. घसरण्याचा प्रश्न इथे येत नाही, वजन भरपूर आहे.

आता फुटिंग ५ ऐवजी ४ मीटरचं करू. सुरक्षा गुणांक १.३६ वर येतो. एकाच्या वर आहे, म्हणजे उलटणार नाही, असं म्हणून काहीजण नोट पुढे सरकवतात. पण हा हिशेब गृहीत धरतो की पाया अगदी टोकाच्या धारेवर तोल सांभाळू शकेल, म्हणजे खालची जमीन लोखंडासारखी आहे. माती तशी नसते. वारा ढकलतो तेव्हा वाऱ्याकडची कड उचलली जाते आणि सगळं वजन पलीकडच्या पट्टीवर येतं. ४ मीटरच्या फुटिंगचा फक्त १.६ मीटर भाग मातीला टेकलेला राहतो आणि कडेखालचा दाब २३५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटरवर जातो. माती परीक्षणाने वहनक्षमता, म्हणजे माती पेलू शकेल तो दाब, १५० दिली असेल, तर ती कड मातीत रुतते. रुतली की खांब कलतो आणि पुढचा झोत आधीच कललेल्या खांबाला भेटतो. ५ मीटरच्या फुटिंगमध्ये ४.५ मीटर भाग टेकलेला राहतो आणि कडेचा दाब ९८ वरच थांबतो. एका मीटरने एवढा फरक पडतो. म्हणून उलटण्याच्या गुणांकाशेजारी टेकलेल्या भागाची लांबी आणि कडेचा दाब लिहिलेला नसेल, तर पायाची तपासणी झालेली नाही असंच समजावं.

दुसऱ्या नोटने काय केलं असतं तेही बघा. तिच्या २६ किलोन्यूटनला ३ मीटरचं फुटिंग पुरतं: गुणांक २.०, कडेचा दाब १३८, दोन्ही तपासण्या उत्तीर्ण. त्याच फुटिंगवर पहिल्या नोटचा वारा आला तर गुणांक ०.६३. ते उलटतं.

५ मीटरच्या फुटिंगचेही दोन शत्रू आहेत आणि दोन्ही नोट मंजूर झाल्यावर येतात. पहिला पाणी. जोराचा वारा बहुतेक वेळा पावसाबरोबर येतो. भूजल जमिनीपर्यंत चढलं तर पाया पाण्यात उचलला जातो. भिजलेल्या मातीचं वाढलेलं वजन धरूनही १११० चे सुमारे ६८० किलोन्यूटन उरतात आणि गुणांक येतो १.५३, म्हणजे मर्यादेच्या किंचित खाली. शिवाय भिजलेल्या मातीची वहनक्षमताही घटलेली असते. सखल जागेत मी हा हिशेब पाणी चढलेलं धरूनच करतो आणि लागलं तर फुटिंग साडेपाच मीटरचं करतो. दुसरा शत्रू खोदकाम. गटार, केबल, जलवाहिनी, सगळं रस्त्याकडेलाच जातं. फुटिंगवरचा वाऱ्याकडचा अर्धा भराव कोणी चर खणून काढला, तर गुणांक २.५ वरून १.७ वर येतो. वरून काहीच बदललेलं दिसत नाही.

हे ओळखायच्या खुणा जमिनीशी असतात. खांबाच्या तळाची बेस प्लेट आणि पेडेस्टल यांच्यामधल्या ग्राउटला, म्हणजे तिथे भरलेल्या सिमेंटच्या थराला, वाऱ्याकडच्या बाजूने केसाएवढी फट, पेडेस्टलभोवती मातीत अर्धवर्तुळाकार भेग, पावसानंतर त्या भेगेत साचणारं पाणी. ओळंबा लावून खांबाचा कल मोजावा, तारखेसकट लिहून ठेवावा आणि पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा मोजावा. दोन आकड्यांत वाढ दिसली तर माती दबते आहे आणि फलकाचा पत्रा ताबडतोब उतरवायला हवा. नुसत्या चौकटीवर वारा फार कमी लागतो, मग पायाची दुरुस्ती करायला वेळ मिळतो.

माझ्या नोटच्या शेवटच्या पानावर चार ओळी असतात आणि त्या मी नकाशावरही छापायला लावतो: मूळ वेग ४४, भूभाग वर्ग २, k1 = १; फलक १२ × ६ मीटरपेक्षा मोठा करू नये; वहनक्षमता १५० धरली आहे, खड्डा खणल्यावर माती पाहून खात्री करावी; आणि फुटिंगच्या कडेपासून ३ मीटरच्या आत कोणतंही खोदकाम करायचं असेल, तर आधी हा हिशेब नव्याने करावा.